गिंबल आणि ट्रायपॉडसाठी फोन निवडताना: आधी वजनकाटा, मग कॅमेरा

फोन आधी घेतला जातो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून. मग महिन्याभरात गिंबल येतो, म्हणजे चालतानाही फोन स्थिर धरणारी मोटरींची मूठ. आणि मग कळतं की कव्हर लावलं की क्लॅम्पमध्ये फोन बसत नाही, बसवला तर मोटर गुरगुरते, आणि माईकचा रिसीव्हर लावला की फोन एका अंगाला कलतो. बीड, लातूर, परभणीकडे लग्नाची रील, सप्ताहातलं कीर्तन किंवा शेतातले व्हिडिओ करणाऱ्या पोरांकडून मला सारखे हेच प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा दोष फोनचा किंवा गिंबलचा नसतो. क्रम उलटा झालेला असतो. खाली जो क्रम दिला आहे तो तसाच पाळा. प्रत्येक टप्प्यावर काही फोन यादीतून गळतील, आणि शेवटी दुकानात हातात घेऊन पाहण्यासारखे दोन-तीनच उरतील.

## १. फोन जास्त वेळ कशावर राहणार आहे ते ठरवा

गिंबल आणि ट्रायपॉड ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना फोनकडून वेगळ्या गोष्टी हव्या असतात. गिंबलवर फोन हलका, सडपातळ आणि मधोमध तोल असलेला लागतो, आणि कॅमेऱ्यांपैकी मुख्य लेन्स चांगली असली की भागतं. ट्रायपॉडवर वजनाचं फारसं काही अडत नाही. तिथे फोन तास-दोन तास न तापता, न थांबता चालला पाहिजे, आणि वक्ता लांब असेल तर खरी टेलिफोटो लेन्स पाहिजे.

अंबाजोगाईच्या माझ्या मामेभावाचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. त्याचं काम दोन तऱ्हेचं: लग्नसराईत गिंबलवर रील आणि सप्ताहात रात्री नऊ ते अकराचं कीर्तन ट्रायपॉडवर. "दादा, दोन्हीला एकच फोन पाहिजे, दोन घ्यायची ऐपत नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. बहुतेकांची गरज हीच असते. अशा वेळी नियम साधा ठेवावा: वजन आणि मापं गिंबलच्या हिशोबाने बघायची, तापणं आणि साठवण ट्रायपॉडच्या हिशोबाने.

तपासणी: मागच्या दोन महिन्यांत काय काय शूट केलं ते कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर "हातात चालत" किंवा "एका जागी" असं मांडा. जे जास्त निघेल त्याला मान द्या.

## २. गिंबलचे तीन आकडे लिहून घ्या

गिंबल आधीच घेतला असेल तर त्याच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत तीन आकडे असतात: वजनाची मर्यादा, क्लॅम्पमध्ये मावणारी जाडी आणि रुंदी. लोक पहिला आकडा वाचतात आणि उरलेले दोन सोडून देतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हातात दिसणाऱ्या डीजेआयच्या ओस्मो मोबाईल ६ चे आकडे असे आहेत: फोनचं वजन १७० ते २९० ग्रॅम, जाडी ६.९ ते १० मिलिमीटर, रुंदी ६७ ते ८४ मिलिमीटर. इतर कंपन्यांचे लहान, घडी होणारे गिंबल बहुतेक २८० ते ३०० ग्रॅमच्या आसपास थांबतात. होहेमच्या आयस्टेडी एम ६ सारखे थोडे दणकट गिंबल ४०० ग्रॅमपर्यंत पेलतात, पण ते हातालाही जड लागतात.

यात खालची मर्यादाही असते, हे लक्षात असू द्या. गिंबलच्या मोटरींचा जोर ठरावीक वजनाला धरून बांधलेला असतो. फोन फारच हलका असेल तर मोटर गरजेपेक्षा जास्त जोर लावते आणि चित्रात बारीक थरथर येते. सॅमसंगचा एस २५ हा १६२ ग्रॅमचा फोन वरच्या गिंबलच्या खालच्या मर्यादेतही बसत नाही. त्याला कव्हर आणि काच लावली की मात्र तो सहज आत येतो. थोडक्यात, कव्हर कुणाला अडचण ठरतं, तर कुणाला उपयोगी पडतं.

सावधान: वरच्या मर्यादेला टेकून फोन निवडू नका. २९० ची मर्यादा असेल तर सगळं मिळून २७० च्या आत ठेवा. मर्यादेवर चाललेला गिंबल सपाट जमिनीवर चालतो, पण जिना चढताना किंवा झटक्यात वळताना त्याची मोटर दमते, फोन एकदम खाली पडल्यासारखा लोंबतो आणि बॅटरी लवकर संपते.

## ३. फोन जसा वापरणार तसाच तोला

माहितीपत्रकातलं वजन हे उघड्या फोनचं असतं. तुम्ही मात्र त्यावर टेम्पर्ड काच, कव्हर, कधी मागे चिकटवलेली चुंबकाची रिंग, आणि खाली माईकचा रिसीव्हर लावून शूट करता. म्हणून सगळं लावून तोलायचं.

घरात ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल तर गल्लीतल्या सोनाराकडे जा. "मामा, एवढं तोलून द्या" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी तोला, कारण नंतर काय काढायचं हे ठरवताना ते आकडे लागतात.

मामेभावाच्या यादीत तीन फोन होते. त्याची टेम्पर्ड काच १० ग्रॅम आणि रिसीव्हर १० ग्रॅम भरला. उरला प्रश्न कव्हरचा.

पहिला सॅमसंगचा एस २४ अल्ट्रा, उघडा २३२ ग्रॅम. त्याला जाड, कोपरे फुगवलेलं ४८ ग्रॅमचं कव्हर धरलं तर एकूण ३०० ग्रॅम. २९० च्या बाहेर. कव्हर काढलं तर २५२, म्हणजे आरामात आत.

दुसरा सॅमसंगचा ए ५५, उघडा २१३ ग्रॅम. पातळ २२ ग्रॅमच्या कव्हरसह एकूण २५५. कव्हर न काढताही चालणारा.

तिसरा आयफोन १६, उघडा १७० ग्रॅम. २५ ग्रॅमच्या कव्हरसह एकूण २१५. वजनाच्या बाबतीत तिघांत सगळ्यात निश्चिंत.

बघा, सगळ्यात महाग फोन वजनाने बाद होत नाही, त्याचं कव्हर बाद होतं. पण लग्नाच्या गर्दीत अल्ट्रासारखा फोन बिनकव्हराचा वापरायची तयारी आहे का, हा प्रश्न विकत घेण्याआधी स्वतःला विचारायचा.

तपासणी: रिसीव्हर लावताना आणि काढताना एकूण वजन दोन्ही वेळा मर्यादेत आहे ना?

## ४. जाडी, बटणं आणि मागचा फुगवटा

वजनात पास झालेला फोन इथे अडकतो, आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात.

जाडी मोजताना फोन कव्हरसकट मोजा, आणि जिथे क्लॅम्पचे जबडे धरणार तिथली कड मोजा. ए ५५ ची जाडी ८.२ मिलिमीटर आहे. त्यावर साधं पातळ कव्हर चढवलं तर ती दहाच्या आत राहते, पण पडद्याच्या वर उचललेली कड असलेलं जाड कव्हर चढवलं की अडीच-तीन मिलिमीटर वाढतात आणि फोन जबड्यात पूर्ण बसत नाही. वरवर बसल्यासारखा दिसतो, पण बोटाने ढकलला की हलतो. रुंदीचंही तसंच. एस २४ अल्ट्रा ७९ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे ८४ च्या क्लॅम्पमध्ये कव्हरला दोन्ही बाजू मिळून पाचच मिलिमीटर उरतात.

व्हर्नियर हाताशी नसेल तर लेथवाल्याच्या कारखान्यात मिळेल. तेही नसेल तर कागदाची पट्टी फोनभोवती दोन्ही कडांना टेकवून खूण करा आणि फुटपट्टीवर मोजा. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होईल, पण बसतो की नाही एवढं कळतं.

आता बटणं. फोन आडवा धरला की क्लॅम्पचा एक जबडा वरच्या लांब कडेवर येतो आणि दुसरा खालच्या. पॉवर आणि आवाजाची बटणं याच लांब कडेवर असतात. जबडा पॉवरच्या बटणावर बसला तर पडदा बंद होतो, आवाजाच्या बटणावर बसला तर रेकॉर्डिंग आपोआप सुरू किंवा बंद होतं, किंवा फोटो निघत राहतात. बाजूला बोटाचा ठसा घेणारं बटण असलेल्या फोनमध्ये हा त्रास जास्त, कारण ते बटण कडेच्या मध्याजवळ असतं आणि जबडाही मध्यालाच हवा असतो. फोन उलटा फिरवून बटणं खालच्या कडेला आणली तरी प्रश्न सुटत नाही, खालचा जबडाही तितकाच रुंद असतो.

म्हणून फोन पाहताना त्याच्या लांबीचा मध्य काढा आणि जबड्याच्या रुंदीएवढी जागा दोन्ही बाजूंना मोकळी आहे का ते पाहा. बटण त्या जागेत येत असेल तर फोन थोडा सरकवावा लागेल, आणि किती सरकवता येतो हे पुढच्या टप्प्यात ठरतं.

मागचा कॅमेऱ्याचा फुगवटाही बघा. हल्ली पाठीच्या मधोमध मोठा गोल कॅमेरा असलेले बरेच फोन आले आहेत. फुगवटा कोपऱ्यात असेल तर क्लॅम्पच्या पाठीला टेकत नाही. मधोमध आणि खाली उतरलेला असेल तर क्लॅम्पची पाठ फुगवट्यावर बसते, फोन तिरका होतो, आणि चुंबकाची रिंग चिकटवायला सपाट जागाच उरत नाही.

सावधान: घडी होणारा फोन घेत असाल तर घडी घातलेली जाडी बघा. सॅमसंगचा झेड फोल्ड ५ घडी घातल्यावर १३.४ मिलिमीटर जाड आहे, तो वरच्या क्लॅम्पमध्ये बसणारच नाही. उघडा करून धरावा तर रुंदी बाहेर जाते.

## ५. तोल: मोटर बंद असताना फोन स्थिर राहतो का

वजन मर्यादेत असणं आणि तोल असणं यात फरक आहे. तीनशे ग्रॅम पेलणारा गिंबल अडीचशे ग्रॅमच्या बिनतोल फोनपुढे दमतो.

गिंबल बंद ठेवून फोन क्लॅम्पमध्ये लावा आणि हात सोडा. फोन जवळपास आडवा राहायला पाहिजे. थोडासा कललेला चालतो. एक टोक धाडकन खाली गेलं तर त्या बाजूला भार जास्त आहे. कॅमेरे ज्या टोकाला असतात ते टोक जड असतं, आणि मोठ्या टेलिफोटोच्या फोनमध्ये हे जास्त जाणवतं.

रिसीव्हरने तोल किती बिघडतो याचा हिशोब करून बघा. समजा फोन २५० ग्रॅमचा आहे आणि २० ग्रॅमचा जड रिसीव्हर चार्जिंगच्या तोंडात, म्हणजे मध्यापासून साधारण ७ सेंटिमीटरवर लावला. तोल परत आणायला फोन दुसऱ्या अंगाला सरकवावा लागतो साधारण ५ मिलिमीटर. एवढं सरकवणं बहुतेक क्लॅम्पमध्ये जमतं. पण बटण चुकवायला आधीच एका बाजूला ८ मिलिमीटर सरकवला असेल आणि रिसीव्हरमुळे आणखी त्याच बाजूला सरकवायची पाळी आली, तर फोन जागेवर राहणार नाही. घेण्याआधी हे बघायचं.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्या. फोन आडवा लावल्यावर चार्जिंगचं तोंड कुठे येतं? ते गिंबलच्या मोटरच्या दांड्याजवळ आलं तर रिसीव्हर दांड्यावर आपटतो आणि फोन पूर्ण फिरतच नाही. काही गिंबलमध्ये फोन १८० अंशांत उलटा लावून हे टाळता येतं, पण मग कॅमेरा दांड्याकडे जातो आणि वाइड लेन्सच्या चित्रात दांड्याचा तुकडा दिसतो.

सावधान: आधी फोन लावायचा, तोल बघायचा, मग गिंबल सुरू करायचा. काढताना आधी गिंबल बंद. चालू मोटरवर फोन ओढून काढणं किंवा हाताने दाबून धरणं मोटरला सोसत नाही.

## ६. कॅमेरा: गिंबलवर काय बघायचं

मेगापिक्सेल सोडून द्या. गिंबलच्या कामासाठी तीन गोष्टी बघितल्या की पुरे.

पहिली म्हणजे फोनचं स्वतःचं स्थिरीकरण बंद करता येतं का. फोनमध्ये दोन तऱ्हा असतात. एकात लेन्स किंवा सेन्सर खरोखर हलतो, त्याला ओआयएस म्हणतात. दुसऱ्यात फोन चित्राच्या कडा कापून उरलेला भाग सरकवत राहतो, त्याला ईआयएस म्हणतात. ईआयएस आणि गिंबल यांची ओढाताण होते. तुम्ही हळू वळायला लागता तेव्हा ईआयएसला वाटतं हात हलला, म्हणून तो चित्र जागेवर धरून ठेवतो, आणि मग सोडतो. पडद्यावर वळण सुरू होताना आणि थांबताना एक हिसका दिसतो. हा हिसका ट्रायपॉडचं डोकं फिरवतानाही येतो. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Video stabilization` बंद करता येतं. आयफोन १४ पासून पुढे `Enhanced Stabilization` बंद करण्याची सोय आहे. ज्या फोनमध्ये अशी कुठलीच सोय नाही त्यावर दुकानातच हळू वळून बघा, आणि हिसका दिसला तर तो यादीतून काढा.

दुसरी गोष्ट कमी उजेडातली मुख्य लेन्स. गिंबल तुमच्या हाताचा थरकाप काढतो, अंधार काढत नाही. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि त्या वेळात पाऊल पडलं की ती एक फ्रेम पुसट होते. चित्र जागेवर राहतं, पण चालताना दर पावलाला क्षणभर पुसट होऊन परत स्पष्ट होतं. मोठा सेन्सर असलेल्या लेन्सवर हे कमी दिसतं. अल्ट्रावाइड लेन्सवर सगळ्यात जास्त, म्हणून रात्रीच्या वरातीत त्या लेन्सच्या भरवशावर फोन निवडू नका. चालताना होणारी वर-खाली उडीसुद्धा गिंबल काढत नाही, कारण तो फक्त कलणं आणि वळणं सांभाळतो. ती गुडघे थोडे वाकवून चालूनच कमी होते.

तिसरी गोष्ट, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करता येतात का, आणि शटरचा वेग हाताने ठेवता येतो का. आपल्या विजेचा वेग ५० हर्ट्‌झ आहे, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर चित्रात काळे पट्टे सरकत नाहीत. फोन आपल्या मनाने १/६० किंवा १/१२० धरतो तेव्हा पट्टे येतात. हाताने शटर ठेवायची सोय नसलेल्या फोनवर मांडवातल्या स्वस्त एलईडी पट्ट्यांखाली हा त्रास टळत नाही.

तपासणी, टेलिफोटोची: लांबचं कीर्तन टिपायला टेलिफोटो घेत असाल तर दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा धरा, तीन किंवा पाच पटीचं बटण दाबा, आणि टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर खरी लेन्स चालू आहे. चित्र तसंच दिसत राहिलं, तर फोन कमी उजेडात मुख्य लेन्सचं चित्र मोठं करून दाखवतोय. कमी उजेडात बरेच फोन असंच करतात. कुठल्या फोनमध्ये टेलिफोटो हाताने पक्की करता येते ते विक्रेत्याकडून माहीत करून घ्या. आयफोनच्या काही मॉडेलमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Lock Camera` नावाची सोय आहे. ती चालू केली की रेकॉर्डिंग सुरू असताना लेन्स आपोआप बदलत नाही.

जुना फोन घेत असाल तर शांत जागी कॅमेरा उघडून फोन कानाला लावा. भुणभुण ऐकू आली आणि पडद्यावर चित्र थरथरत असेल तर ओआयएस गेलेलं आहे, आणि गिंबल त्याला बरं करू शकत नाही. असे फोन बहुतेक वेळा मोटरसायकलच्या हँडलवर लावलेले असतात. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्याला इजा करू शकतात, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये दिली आहे. ट्रॅक्टरवर फोन बांधून नांगरणीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी ती आपल्यालाही लागू धरावी.

## ७. ट्रायपॉडसाठी: होल्डर, उन्हाळा आणि दोन तास

ट्रायपॉडवर फोन पडतो तो बहुतेक होल्डरमुळे. स्प्रिंगचा होल्डर जड फोनला काही मिनिटांत हळूहळू सैल सोडतो, विशेषतः फोन उभा असताना. स्क्रू फिरवून घट्ट होणारा, जबड्याला रबर असलेला होल्डर घ्या. त्याच्या खाली पाव इंचाचा आटा असतो, तोच ट्रायपॉडच्या डोक्यावर बसतो. काही मोठ्या ट्रायपॉडला ३/८ इंचाचा आटा असतो. त्यासाठी पितळेची बुच्चीसारखी रिंग मिळते, ती कॅमेऱ्याच्या दुकानातून आधीच आणून ठेवा.

शेतात ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत खचतात. पावसाळ्यानंतर तर रेकॉर्डिंग सुरू असताना चित्र एका अंगाला कलत जातं आणि घरी आल्यावर कळतं. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा वीट ठेवा. मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगली की वाऱ्यानेही तो हलत नाही.

आता उष्णता. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवेचं तापमान ठीक मानतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतच चाळिशी पार होते. फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग फ्रेम अडखळतात, मग रेकॉर्डिंग बंद. म्हणून फोन निवडताना "फोर-के ६० फ्रेम" या जाहिरातीवर जाऊ नका. तुमच्या कामाला फोर-के ३० किंवा फुल एचडी पुरेल आणि ते सलग चालेल, हे महत्त्वाचं. ट्रायपॉडवर कव्हर काढून ठेवा, कारण कव्हर उष्णता अडवतं.

सावधान: तापलेला फोन फ्रीजमध्ये किंवा बर्फाजवळ ठेवू नका. आत दव धरतं. सावलीत, पंख्याखाली, कव्हर काढून ठेवणं पुरेसं आहे.

साठवणीचा हिशोब असा करा. आयफोनमध्ये उच्च कार्यक्षमता प्रकारात फुल एचडी ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० एमबी आणि फोर-के ३० फ्रेमला साधारण १७० एमबी लागतात. दोन तासांच्या कीर्तनाला फुल एचडीत ७ जीबीच्या आसपास आणि फोर-केत २० जीबीच्या वर. इतर फोनमध्ये आकडे कमी-जास्त असतात, पण अंदाज याच घरातला. १२८ जीबीचा फोन, त्यात आधीचे फोटो, व्हॉट्सॲप आणि सिस्टीम धरली की सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी जागा संपते. मेमरी कार्ड चालणारा फोन किंवा २५६ जीबीची आवृत्ती घ्या.

चार्जिंगचं तोंड एकच असतं, हे विसरू नका. माईकचा रिसीव्हर त्यात लावला तर चार्जर कुठे लावणार? काही रिसीव्हरना स्वतःचं चार्जिंगचं तोंड असतं आणि ते फोनला वीज पुढे देतात. नसेल तर दोन तास बॅटरीवरच काढायचे. घेण्याआधी फोनवर चार्ज न करता चाळीस मिनिटं फुल एचडीत रेकॉर्डिंग करून बॅटरी किती टक्के उतरली ते बघा आणि त्याला तीनने गुणा.

## ८. दुकानात कोणत्या क्रमाने तपासायचं

गिंबल, होल्डर, कव्हर आणि रिसीव्हर पिशवीत घालून दुकानात जा. परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दुकानांत डेमोचा फोन असतो. त्यावर पुढचं सगळं होतं.

आधी कव्हरशिवाय फोन क्लॅम्पमध्ये लावा आणि कुठलंही बटण दबलं का ते पाहा. मग कव्हरसकट लावा आणि जबड्यात पूर्ण बसतो का ते बोटाने ढकलून बघा. नंतर गिंबल बंद ठेवून तोल बघा, रिसीव्हर लावून परत तोल बघा. त्यानंतरच गिंबल सुरू करा, आणि आडव्याचा उभा करून फोन पूर्ण फिरतो का, मोटर गुरगुरते का ते ऐका. मग दुकानाच्या मंद कोपऱ्यातून वीस-पंचवीस पावलं चालून व्हिडिओ घ्या, एकदा मुख्य लेन्सने, एकदा अल्ट्रावाइडने. तो व्हिडिओ तिथेच मोठा करून बघा: दिव्याभोवती पाऊल पडल्याबरोबर पुसटपणा येतो का, वळताना हिसका येतो का, कडेला गिंबलचा दांडा दिसतो का.

गिंबलचं ॲप त्या फोनवर कसं चालतं तेही इथेच बघावं लागतं. माणसाच्या मागे कॅमेरा फिरवण्याची सोय बऱ्याच गिंबलमध्ये त्यांच्याच ॲपमधून चालते, आणि अँड्रॉइडच्या सगळ्या मॉडेलवर ते ॲप सगळ्या लेन्स किंवा ६० फ्रेम देत नाही. फोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमधलं चित्र बहुतेक वेळा जास्त चांगलं असतं. दोन्हीत एकेक मिनिट घेऊन तुलना करा.

मामेभावाने ह्याच क्रमाने तिन्ही फोन तपासले. आयफोन तोलात आणि चित्रात चांगला, पण त्यात टेलिफोटो नाही आणि मेमरी कार्डही नाही. एस २४ अल्ट्राची टेलिफोटो त्याला फार आवडली, पण कव्हर काढून लग्नात वापरायची त्याची तयारी नव्हती. "दादा, फोन हातातून सुटला तर वर्षाची कमाई गेली," असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. ए ५५ मध्ये टेलिफोटो नाही आणि फोर-के ३० फ्रेमच्या पुढे जात नाही. पण पातळ कव्हरसकट गिंबलमध्ये बसला, ओआयएस आहे, मेमरी कार्ड बसतं, आणि मांडवाच्या दिव्यांत मुख्य लेन्स समाधानकारक निघाली. टेलिफोटोची उणीव त्याने ट्रायपॉड पुढे नेऊन भरून काढली: टाळकऱ्यांच्या ओळीच्या कडेला, महाराजांपासून दहा-बारा फुटांवर, कुणाच्या पाहण्याच्या आड येणार नाही अशा बेताने. फोनवर चित्र पाच पटीने मोठं करून काढण्यापेक्षा ट्रायपॉड दहा पावलं पुढे नेणं केव्हाही चांगलं, जागेवर मंडळींची परवानगी असेल तर.

अजिंठा-वेरूळ किंवा बीबी का मकबऱ्यात शूट करायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागी ट्रायपॉडला आधी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा तिथल्या कामासाठी फोन निवडताना हातात धरून चालणाऱ्या स्थिरीकरणालाही थोडं महत्त्व द्या.

फोन घरी आणल्यावर पहिल्या दिवशी त्याच कव्हरसकट, त्याच रिसीव्हरसकट तोल परत लावा आणि जबड्याच्या ठिकाणी कव्हरवर पेनने बारीक खूण करा. लग्नात घाईत फोन लावताना त्या खुणेवरच लावायचा. कीर्तनाला बसण्याआधी विमान मोड चालू करा, गरज असेल तर त्यानंतर ब्लूटूथ वेगळं चालू करा, आणि पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड करून आवाज आणि दिव्यांचे पट्टे बघून घ्या.